रात्री जन्मलेल्यांचा राहू कुठे बसवायचा?

तुमचा जन्म दिवसा झाला की रात्री? फिरदारिया नावाच्या पद्धतीला तुमच्या आयुष्याचं वेळापत्रक मांडायला एवढी एकच गोष्ट लागते. जन्मनक्षत्र नको, चंद्राचे अंश नकोत. सूर्य क्षितिजाच्या वर होता की खाली, बस्स. तेवढ्यावरून ती सांगते की कितव्या वर्षापासून कितव्या वर्षापर्यंत कोणता ग्रह तुमचा कालस्वामी.

नवीन वाचकांसाठी एक खुलासा. मी मध्ययुगीन अरबी आणि लॅटिन ज्योतिषग्रंथ इतिहासाचे दस्तऐवज म्हणून वाचते. ते शास्त्र खरं की खोटं, हा माझ्या प्रबंधाचा विषय नाही. कोणती कल्पना कुठून कुठे गेली आणि जाताना तिचं काय झालं, हा विषय आहे. पण आज मी थोडी त्या चौकटीबाहेर जाणार आहे. कारण फिरदारियाबद्दल पाश्चात्त्य ज्योतिष्यांमध्ये एक वाद आहे आणि तो ज्या तऱ्हेने घातला जातो, तीच मला चुकीची वाटते.

वाद असा: रात्री जन्मलेल्या माणसाच्या फिरदारियात राहू आणि केतू शेवटी येतात की मध्ये? दोन पक्ष आहेत. दोघंही प्रसिद्ध लोकांच्या पत्रिका पुढे टाकतात आणि म्हणतात, बघा, आमचंच जुळतं. माझं म्हणणं असं की हा वाद ग्रंथ नीट वाचला तर सुटतो, आयुष्यं जुळवून कधीच सुटणार नाही. आणि तो तसा का सुटत नाही, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

आधी हिशोब

आपल्याकडच्या विंशोत्तरी दशेशी तुलना केली तर पटकन कळेल. विंशोत्तरीचं चक्र १२० वर्षांचं, फिरदारियाचं ७५ वर्षांचं. विंशोत्तरीत जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात किती पुढे गेला होता, त्यावर पहिली दशा आणि तिची शिल्लक ठरते. त्यामुळे प्रत्येकाची सुरुवात वेगळी. फिरदारियात शिल्लक वगैरे भानगड नाही. दिवसा जन्मलेल्या सगळ्यांची सुरुवात रवीपासून, रात्री जन्मलेल्या सगळ्यांची चंद्रापासून आणि पहिला काळ प्रत्येकाला पूर्ण मिळतो.

ग्रहांची वर्षं अशी: रवी १०, शुक्र ८, बुध १३, चंद्र ९, शनी ११, गुरू १२, मंगळ ७. बेरीज ७०. त्यात राहूची ३ आणि केतूची २ वर्षं घातली की ७५. अरबीत या दोघांना ‘डोकं’ आणि ‘शेपूट’ म्हणतात, पण बिंदू तेच. ७५ वर्षं पुरी झाली की चक्र पुन्हा पहिल्यापासून.

आता क्रम. वर मी ज्या क्रमाने ग्रह लिहिले तो मनाला येईल तसा नाही. पंचांगातल्या होरा ज्या क्रमाने येतात तोच हा क्रम: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि परत शनी. जुन्या समजुतीप्रमाणे सगळ्यात लांबच्या ग्रहापासून सगळ्यात जवळच्यापर्यंत. दिवसाचा जन्म असेल तर या साखळीत रवीपाशी शिरायचं, रात्रीचा असेल तर चंद्रापाशी.

प्रत्येक ग्रहाच्या काळाचे सात सारखे भाग करायचे. पहिला सातवा भाग त्या ग्रहाचा एकट्याचा, दुसऱ्यात त्याच साखळीतला पुढचा ग्रह भागीदार, तिसऱ्यात त्याच्या पुढचा. आपली अंतर्दशा म्हणा, फक्त इथे वाटे सारखे. राहू-केतूच्या काळाचे मात्र असे भाग पाडत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाद कुठून आला

दिवसाच्या जन्माबद्दल कुणाचंच दुमत नाही, कारण तिथे मंगळ सातवा येतो आणि त्यानंतर राहू, केतू येतात. रात्रीच्या जन्माला मंगळ चौथा येतो. मग राहू-केतू मंगळाच्या मागोमाग यायचे, की सातही ग्रह संपल्यावर?

दोन्ही याद्या शेजारी ठेवू. पहिले चार काळ दोन्हींत सारखेच: चंद्र ० ते ९, शनी ९ ते २०, गुरू २० ते ३२, मंगळ ३२ ते ३९. इथून पुढे फाटा फुटतो.

- राहू-केतू शेवटी: रवी ३९ ते ४९, शुक्र ४९ ते ५७, बुध ५७ ते ७०, राहू ७० ते ७३, केतू ७३ ते ७५.
- राहू-केतू मध्ये: राहू ३९ ते ४२, केतू ४२ ते ४४, रवी ४४ ते ५४, शुक्र ५४ ते ६२, बुध ६२ ते ७५.

नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिणाऱ्या अबू मअशरने वर्षफलावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात फिरदारियाला स्वतंत्र जागा दिली आहे. तिथे राहू-केतू सात ग्रहांनंतर येतात. अल-बिरुनी आपल्याला भारतावरच्या ग्रंथामुळे माहीत आहे, पण त्याने १०२९ च्या सुमाराला ‘तफहीम’ नावाचं ज्योतिषाचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. त्यात तो ही कल्पना पर्शियन लोकांची म्हणून सांगतो आणि क्रम सांगताना म्हणतो की दिवसा रवीनंतर शुक्र, रात्री चंद्रानंतर शनी आणि मग उरलेले ग्रह त्याच उतरत्या क्रमाने.

दुसरी यादी आली तेराव्या शतकातल्या इटालियन ज्योतिषी ग्वीदो बोनात्तीच्या नावावर. त्याच्या लॅटिन ग्रंथाचा आधार घेऊन रॉबर्ट झोलर या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकात राहू-केतू मंगळानंतर ठेवण्याचं वाचन मांडलं आणि ते बरंच पसरलं. आज पत्रिका मांडणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात आणि निवड तुमच्यावर सोडलेली असते.

हे वाचन कसं सुचू शकतं ते पाहा. दिवसाची यादी नऊ नावांची आहे आणि तिच्यात राहू-केतू मंगळानंतर आहेत. रात्रीसाठी फक्त ‘चंद्रापासून सुरू करा आणि त्याच क्रमाने जा’ एवढंच वाचायला मिळालं, तर ती नऊ नावांची यादी जशीच्या तशी फिरवावीशी वाटते. मग मंगळानंतर आपोआप राहू-केतू येतात आणि त्यानंतर रवी. म्हणजे प्रश्न एवढाच: चाक नऊ आऱ्यांचं आहे, की सात आऱ्यांचं असून वर दोन सुटे तुकडे जोडलेत?

याचं उत्तर पद्धतीच्या आतच आहे आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. मंगळाच्या सात वर्षांचे सात भाग पाडले की पहिलं वर्ष मंगळाचं एकट्याचं आणि दुसऱ्या वर्षी भागीदार रवी. राहू नाही. दोन्ही पक्षांना हे मान्य आहे. म्हणजे छोट्या चाकात मंगळानंतर रवी येतो हे दोघंही मानतात, पण एक पक्ष मोठ्या चाकात मात्र मध्ये राहू-केतू घुसवतो. शिवाय राहू-केतूंचे स्वतःचे भाग पाडत नाहीत आणि ते दुसऱ्या कुणाच्या काळात भागीदार म्हणूनही येत नाहीत. ते चाकाचे आरे असते तर असं झालं नसतं. चाक सातचंच आहे. राहू-केतू नंतर जोडलेले आहेत आणि जोडलेली गोष्ट शेवटी येते.

जुना लिखित पुरावा आणि आतली रचना, दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. मजकुराचा प्रश्न म्हणून मला हा विषय इथे संपलेला वाटतो. पण पत्रिका बघणारे म्हणतात, ग्रंथ राहू द्या, अनुभव काय सांगतो? ठीक आहे, अनुभव बघू.

एक आयुष्य, दोन याद्या

जन्मवेळ सर्वांना माहीत असलेली, रात्रीच जन्मलेली आणि दीर्घायुषी व्यक्ती हवी. राणी एलिझाबेथ दुसरी: २१ एप्रिल १९२६, लंडन, पहाटे २ वाजून ४० मिनिटं. सूर्य क्षितिजाच्या चांगलाच खाली, त्यामुळे शंका नाही. पाश्चात्त्य सायन पत्रिकेत मकर लग्न, शनी वृश्चिकेत आकाशमध्याला चिकटून, शुक्र मीनेत उच्चीचा.

पहिले चार काळ दोन्ही याद्यांत सारखे असल्यामुळे वादाच्या दृष्टीने १९६५ च्या आधीचं काहीच कामाचं नाही. राज्याभिषेक, लग्न, मुलांचे जन्म, सगळं बाजूला. पण पद्धत कशी चालते ते दाखवायला १९५२ घेऊ. गुरूचा काळ वीस ते बत्तीस, म्हणजे एप्रिल १९४६ ते एप्रिल १९५८. बारा वर्षांचा सातवा भाग साधारण एक वर्ष साडेआठ महिन्यांचा. गुरू एकटा, मग मंगळ, मग रवी, मग शुक्र. सप्टेंबर १९४९ च्या अखेरीपासून जून १९५१ पर्यंत रवी भागीदार आणि तिथून फेब्रुवारी १९५३ च्या अखेरीपर्यंत शुक्र. वडील गेले आणि ती राणी झाली ६ फेब्रुवारी १९५२ ला, म्हणजे गुरूत शुक्र.

राजेपद रवीकडे, ते आठ महिने आधी आलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तसं झालं नाही. पण थांबा, मकर लग्नापासून दहावी रास तूळ, तिचा स्वामी शुक्र आणि तो उच्चीचा. म्हणजे दशमेश! जुळलं. आणि आकाशमध्याचा अंश ज्या राशीत पडतो तिला दशम धरलं तर रास वृश्चिक, स्वामी मंगळ. मग नाही जुळलं. जुळवणाऱ्याच्या हातात घटना कळल्यानंतर दोन किल्ल्या आहेत आणि जी लागेल ती तो वापरतो.

आता वादाच्या जागेवर या. जून १९७७, राज्यारोहणाची पंचवीस वर्षं, देशभर सोहळे. वय ५१. राहू-केतू शेवटी धरले तर शुक्राचा काळ. शुक्र उच्चीचा, शुक्र म्हणजे उत्सव, सजावट, लोकांचं प्रेम: अगदी बरोबर. राहू-केतू मध्ये धरले तर रवीचा काळ. रवी म्हणजे राजा, राजाचा सन्मान: अगदी बरोबर.

ऑगस्ट १९९७, डायनाचा मृत्यू. वय ७१. पहिल्या यादीत राहू: अचानक, धक्का, लोकक्षोभ. जुळलं. दुसऱ्या यादीत बुध: वर्तमानपत्रं, राजवाड्याच्या मौनावरची टीका आणि अखेर राणीचं दूरदर्शनवरून थेट भाषण. बोलणं आणि बातमी, दोन्ही बुधाचीच खाती. जुळलं.

तुम्ही कोणती यादी निवडाल? मी प्रामाणिकपणे सांगते, फक्त या दोन घटना देऊन मला निवडायला सांगितलं तर मी नाणं उडवेन. ग्रहांचे अर्थ इतके रुंद आहेत की मोठी घटना कोणत्याही एका बाजूला पडत नाही. दोन्ही पक्ष खोटं बोलत नाहीत, दोघांनाही खरंच जुळताना दिसतं. म्हणूनच त्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

वयाचं काम ग्रहाच्या खात्यावर

याच पत्रिकेत एक फार सुरेख वाटणारी जागा आहे. ७५ व्या वर्षी चक्र पुन्हा सुरू होतं, दोन्ही याद्यांत चंद्रापासून आणि पहिले सव्वा वर्ष चंद्राचे एकट्याचे. चंद्र म्हणजे आई. राणीची आई ३० मार्च २००२ ला गेली, बरोबर त्या सव्वा वर्षात. वाचताना क्षणभर अंगावर काटा येतो. पण आई १०१ वर्षांची होती. पंचाहत्तरी गाठलेल्या ज्या माणसाची आई हयात असते, ती शंभरीच्या आसपासच असणार. इथे चंद्रापेक्षा वय जास्त काम करतंय.

फिरदारियात हे खूप ठिकाणी होतं, कारण काळ वयाला बांधलेले आहेत. रात्री जन्मलेल्याची पहिली नऊ वर्षं चंद्राची: आईच्या पदराखालचं बालपण. दिवसा जन्मलेल्याची अठरा ते एकतीस बुधाची: शिक्षण, परीक्षा, नोकरीची खटपट. ते कुणाला जुळणार नाही? ज्या वयात जे बहुतेकांचं होतं, ते झालं की श्रेय ग्रहाला मिळतं.

उलट बाजूही बघा. राणीचा शनीचा काळ नऊ ते वीस, म्हणजे १९३५ ते १९४६. आजोबांचा मृत्यू, काकाने सोडलेलं सिंहासन, संपूर्ण दुसरं महायुद्ध. शनी आकाशमध्यावर. याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. पण त्याच वर्षी लंडनमध्ये रात्री जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा शनी याच वर्षांत होता. आणि त्याच २१ एप्रिलला दुपारी जन्मलेल्याचं काय? त्याची दहा ते अठरा वर्षं शुक्राची, म्हणजे १९३६ ते १९४४. लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते ती वर्षं या मुलाच्या शुक्राच्या काळात येतात.

यावर जाणकार ज्योतिषी म्हणतील, नुसता कालस्वामी बघायचा नसतो, मूळ पत्रिकेत तो कसा आहे ते बघायचं असतं. बरोबर आहे, अबू मअशरही तेच सांगतो. पण मग भाकिताचं सगळं वजन मूळ पत्रिकेवर गेलं आणि ७५ वर्षांच्या वेळापत्रकावर उरलं ते एवढंच: आता कोणत्या ग्रहाकडे बघायचं. तेवढं तरी ते बरोबर सांगतं का, हे एका पत्रिकेवरून कळणार नाही.

मग कशाने कळेल?

फिरदारियाची जी गोष्ट तिला ढोबळ बनवते, तीच तिला तपासायला सोपी करते. जगात फक्त दोन वेळापत्रकं आहेत. रात्री जन्मलेले ३२ ते ३९ या वयात मंगळाखाली असतात, दिवसा जन्मलेले त्याच वयात चंद्राखाली. मंगळ म्हणजे जखम, शस्त्र, अपघात हे सगळे ग्रंथ मान्य करतात. एखाद्याचा मंगळ चांगला, एखाद्याचा वाईट, पण हजारो लोक घेतले तर ते सरासरीत बुडेल. तेव्हा या वयातले अपघाती मृत्यू दोन गटांत वेगळे दिसायला हवेत. आणि आपल्या वादासाठी ३९ ते ४४ हे वय बघायचं: एका यादीप्रमाणे रात्रीवाले रवीखाली, दुसरीप्रमाणे राहू-केतूखाली. मात्र काय शोधायचं ते आकडे उघडण्याआधी लिहून ठेवायचं. नंतर नाही.

यासाठी जन्मवेळेची जुनी, सरसकट नोंद लागते. इंग्लंडच्या जन्मदाखल्यावर साधारणपणे जुळ्यांचीच वेळ असते, पण स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सगळ्यांची वेळ नोंदली जाते. जुन्या नोंदी घेण्याचं आणखी एक कारण आहे. आजकाल ठरवून केलेलं सिझेरियन बहुतेक दिवसा होतं, त्यामुळे दिवसा आणि रात्री जन्मलेले गट मुळातच सारखे राहत नाहीत.

अडचणी तरीही राहतील. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात रात्र मोठी. म्हणजे दिवसाचे जन्म उन्हाळ्याकडे झुकणार, रात्रीचे हिवाळ्याकडे आणि तुलना त्याच महिन्यातल्या जन्मांशी करावी लागेल. आणि सूर्योदयाच्या जवळच्या नोंदी सरळ वगळाव्या लागतील. सूर्याची वरची कड आपल्याला दिसते तेव्हा वातावरणातल्या वक्रीभवनामुळे त्याचा मध्य गणिताने अजून पाऊण अंशाहून थोडा जास्त खाली असतो. आपल्या अक्षांशावर हा तीन-चार मिनिटांचा फरक. डोळ्यांनी बघणारा म्हणेल दिवस, सॉफ्टवेअर म्हणेल रात्र आणि तेवढ्यावरून माणसाचं अख्खं वेळापत्रक बदलेल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअरमध्ये फिरदारिया काढत असेल, तर रात्रीच्या जन्माला राहू-केतू शेवटी ठेवणारा पर्याय निवडा. कारण ग्रंथ तसं सांगतात आणि पद्धतीची रचनाही तेच मागते. तो पर्याय तुमच्या आयुष्याला जास्त जुळला म्हणून निवडू नका. दुसराही जुळलाच असता. खात्री करायची असेल तर चाळिशी ओलांडलेल्या, रात्री जन्मलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या पाच मोठ्या घटना घ्या आणि दोन्ही याद्यांनी प्रत्येकीचं समर्थन लिहून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.